वजनकाटा, टाकी आणि शेगडी : महापालिका आयुक्तांस खुले पत्र

माननीय आयुक्त,
नागपूर महानगरपालिका, सिव्हिल लाइन्स, नागपूर यांस,



रामदासपेठेतील अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसपद मी काही वर्षे सांभाळले. त्या काळात आमच्या आवारात स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर चालणारे जे लहानसे बायोगॅस संयंत्र उभे राहिले, मध्ये एकदा बंद पडले आणि पुन्हा चालू झाले, त्याची कैफियत आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते खासगी न ठेवता खुले लिहिण्याचे कारण एवढेच की, 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्यास सांगितल्यापासून, आणि भांडेवाडीच्या कचरा डेपोकडे जाणारी गाडी हा शेवटचा उपाय समजावा हा विचार रुजू लागल्यापासून, आमच्यापेक्षा मोठ्या व आमच्याएवढ्याच अनेक संस्थांच्या सर्वसाधारण सभांत हा विषय निघत असतो, आणि बहुतेक ठिकाणी चर्चेचा आरंभ होतो तो चुकीच्या टोकाकडून, म्हणजे विक्रेत्याच्या रंगीत पत्रकापासून.

आमच्याकडेही तसेच झाले. पत्रकातला हिशेब सरळ होता : अठ्ठेचाळीस बिऱ्हाडे, बिऱ्हाडामागे चार माणसे, माणशी पाव किलो, म्हणजे अठ्ठेचाळीस किलो, तेव्हा ‘पन्नास किलोचे’ संयंत्र घ्यावे. सभेने जवळजवळ मंजुरी दिलीच होती. परंतु आमच्यातील एका निवृत्त अभियंत्यांनी हात वर करून विचारले की, हा पाव किलो कोणी मोजला आहे काय. आणि कोणी मोजला नव्हता. तेव्हा असे ठरले की, चौदा दिवस फाटकाशेजारी तराजू ठेवायचा, सफाई कामगाराने आणलेली प्रत्येक बादली तोलायची, आणि वजन वहीत टिपून पहारेकऱ्याची सही घ्यायची. या दोन आठवड्यांत मुद्दाम महालक्ष्म्यांचे दिवस येऊ दिले, कारण सोळा भाज्या, आंबील आणि पुरणपोळी यांच्या नैवेद्यानंतर विदर्भातल्या घराघरांतून काय निघते हे आम्हांस पाहावयाचे होते.

साधारण दिवसाचे वजन भरले छत्तीस किलो. त्यातून नारळाच्या करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे, हाडे, कांद्याची टरफले आणि लिंबू-संत्र्यांच्या साली, म्हणजे ज्यांना टाकीतील जिवाणू एकतर हात लावीत नाहीत किंवा लावून पस्तावतात असे सारे जिन्नस, बाजूला काढल्यावर उरले एकोणतीस. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी काटा एकाहत्तरवर गेला. आणि पुढे मे महिन्यात, अर्धी बिऱ्हाडे सुटीला गावी गेलेली असताना, तोच वीसवर उतरला. आता टाकी कोणत्या दिवसासाठी बांधायची? पत्रकाचा कल सणाच्या दिवसाकडे असतो. आम्ही साधारण दिवस धरला, तीस किलो, आणि सणाचा अतिरेक मुरवण्यासाठी कुंपणालगत एक साधा कंपोस्टचा हौद ठेवला. कारण वर्षातून पाच-सहा वेळा येणाऱ्या पाहुण्यासाठी कोणी घराला दुसरा मजला चढवीत नाही.

येथपर्यंत वजनकाट्याचे काम झाले. पुढचे गणित टाकीचे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसगत होते ती येथेच. ‘पन्नास किलोचे संयंत्र’ या शब्दांना स्वतःचा असा काही अर्थ नसतो. आम्ही मागवलेल्या दोन दरपत्रकांत दोन्ही संयंत्रे पन्नास किलोचीच होती. एकाची टाकी तीन घनमीटरांची, दुसऱ्याची सात. किमतीत अर्थातच अंतर होते, आणि सभेचा ओढा अर्थातच पहिल्याकडे होता.

टाकी किती मोठी असावी हे ठरवण्याची दोन मापे आहेत आणि दोन्ही लावून पाहून जे मोठे येईल ते घ्यावे. पहिले माप मुक्कामाचे. तीस किलो कचऱ्यात तेवढेच पाणी घालून केलेला लगदा साठ लिटर होतो. त्याने टाकीत निदान चाळीस दिवस मुक्काम करावा असे धरले, तर साठ गुणिले चाळीस, म्हणजे चोवीसशे लिटर, अर्थात अडीच घनमीटरांच्या आतच काम भागते. दुसरे माप पचनशक्तीचे. तीस किलो ओल्या कचऱ्यात बावीस-चोवीस किलो तर नुसते पाणीच असते. खरा कुजणारा कोरडा भाग भरतो सहा किलोंच्या आतबाहेर. ज्या टाकीला उष्णता देण्याची सोय नाही आणि जी हाताने दांडा फिरवूनच ढवळायची, तिचा एक घनमीटर असे दीड किलो कोरडे अन्न रोज निमूटपणे पचवतो. त्याहून अधिक घातले तर काही दिवस पचल्यासारखे दिसते, परंतु ते उधारीचे पचन असते. सहा भागिले दीड म्हणजे चार. पहिले माप अडीच सांगते, दुसरे चार सांगते, म्हणून टाकी चार घनमीटरांची. आणि याच न्यायाने पन्नास किलोंना साडेसहा घनमीटर लागतात, म्हणजे तीन घनमीटरांचे ते स्वस्त संयंत्र वस्तुतः बावीस-तेवीस किलोंचेच होते.

हे दुसरे माप विसरले जाण्याचे कारण, मला वाटते, इतिहासात आहे. बायोगॅस म्हटले की आपल्या मनात खेड्यातील गोबरगॅस उभा राहतो; खादी व ग्रामोद्योग आयोगाने साठीच्या दशकापासून गावोगाव नेलेली, वर तरंगणारी लोखंडी घुमटी असलेली ती विहीर. परंतु शेण हे गाईने एकदा पचवून झालेले अन्न आहे. त्यात जिवाणूंसाठी फारसे काही उरलेले नसते, म्हणून ते हळू कुजते आणि बिघडतही नाही. पुण्याच्या डॉ. आनंद कर्व्यांनी आणि त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने या गोष्टीकडे उलट बाजूने पाहिले : जे अन्न माणूस किंवा जनावर खाऊ शकते तेच थेट टाकीत घातले, तर शेणाच्या तुलनेत अगदी थोड्या मालातून तेवढाच गॅस मिळतो. प्लास्टिकच्या दोन पाण्याच्या टाक्या एकीत एक उपड्या बसवून केलेल्या त्यांच्या घरगुती संयंत्राला 2006 मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तिकडे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ उभे केले, त्यात लगद्याला मुख्य टाकीपूर्वी एका वेगळ्या हवेशीर टाकीत गरम पाण्याने ऊब देऊन अर्धे पचन आधीच उरकून घेतात. ती योजना मोठ्या राशीसाठी उत्तम, परंतु तीस किलोंसाठी तिचा सरंजाम आम्हांस झेपणारा नव्हता. आम्ही कर्व्यांच्या बाजूचे झालो, तेव्हा त्यांच्या मार्गातील धोकाही आमच्याकडे आला. अन्न जितके पौष्टिक तितके ते लवकर आंबते. टाकीत दोन प्रकारचे जिवाणू राबत असतात : पहिले अन्नाचे आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा मिथेन करतात. पहिले चपळ, दुसरे मंद. पहिल्यांची संख्या काही तासांत दुप्पट होते, दुसऱ्यांना कित्येक दिवस लागतात. शेणाच्या संयंत्रात या दोघांत भांडण होत नाही, कारण पहिल्यांना फारसे काम नसते. भात-पोळीच्या संयंत्रात मात्र दुसऱ्यांच्या वेगाने घास द्यावा लागतो, आणि संयंत्र चालवण्याची सारी विद्या एवढ्यातच आहे.

म्हणूनच आरंभ शेणाने होतो. आम्ही धंतोलीच्या गोरक्षणातून आठशे किलो ताजे शेण आणून ते तेवढ्याच पाण्यात कालवून टाकीत सोडले आणि तीन आठवडे झाकण लावून स्वस्थ बसलो. सभासदांच्या दृष्टीने हा आमचा सर्वांत अकर्तृत्वाचा काळ. पहिला गॅस जो येतो तो पेटत नाही, कारण त्यात कर्बवायू अधिक आणि घुमटीत राहिलेली हवाही मिसळलेली. तो दोनदा पूर्ण सोडून द्यावा, आणि त्या वेळी आसपास काडी ओढू नये. मग पहिल्या आठवड्यात रोज पाच किलो, दुसऱ्यात दहा, असे करीत सहाव्या आठवड्यात तीस.

आता गॅस. बारीक केलेल्या एक किलो मिश्र कचऱ्यातून साधारण शंभर लिटर गॅस निघतो असे आमच्या वहीवरून दिसले. तीस किलोंचा तीन घनमीटर. बायोगॅसची एक मध्यम शेगडी तासाला साडेचारशे लिटर खाते. सभेत पहिली मागणी आली ती प्रत्येक घरात नळी द्या अशी, आणि तिला उत्तर देण्यासाठी मला भागाकाराखेरीज काही करावे लागले नाही : प्रत्येक बिऱ्हाडाच्या वाट्याला आला असता आठ मिनिटांचा जाळ, म्हणजे चहाचे एक आधण. तेव्हा गॅसला एकच गिऱ्हाईक हवे, आणि तेही टाकीच्या जवळचे. सुदैवाने आमच्या सभागृहामागील स्वयंपाकघरात एक काकू रामदासपेठ-धंतोलीच्या रुग्णालयांतील रुग्णांच्या नातलगांसाठी डबे करीत. त्यांना सकाळी दोन तास आणि सायंकाळी सव्वा तास दोन शेगड्या मिळाल्या. गॅस रात्रंदिवस थेंबाथेंबाने होतो आणि लागतो मात्र दोन धारांत, म्हणून साठवण्याची घुमटी दिवसाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून थोडी मोठी, दोन घनमीटरांची ठेवली. हिशेबाने साडेचौदा किलोंच्या आतले, घरगुती मापाचे एक सिलिंडर दहा-अकरा दिवसांनी वाचते. यातून लगदा करणाऱ्या, टाकी ढवळणाऱ्या माणसाचा पगार निघत नाही. जो विक्रेता निघतो म्हणून सांगतो त्याने स्वतः कधी बादली उचललेली नाही असे खुशाल समजावे.

काकूंनी शिकवलेली एक गोष्ट आमच्या अभियंत्यांनाही ठाऊक नव्हती. थंडीत एके पहाटे ज्योत भकभकू लागली, मोठी होई, विझू विझू होई. सर्वांना वाटले टाकी बिघडली. काकू म्हणाल्या, “नळीत पाणी बसलं आहे, हुक्क्यासारखा आवाज येतो, कान लावून बघा.” खरोखरच येत होता. गॅसबरोबर आलेली वाफ नळीच्या खोलगट वळणात थंड होऊन साचली होती. तेव्हापासून नळीला टाकीच्या बाजूस उतार दिला, सर्वांत खालच्या जागी एक तोटी बसवली, आणि ती रोज सकाळी उघडण्याचा शिरस्ता पाडला. तसेच, सिलिंडरची शेगडी या गॅसला चालत नाही. तिचे भोक बारीक असते आणि आपला दाब अवघा आठ-दहा सेंटिमीटर पाण्याचा, म्हणून भोक मोठे लागते. आणि गॅसला येणारा सडक्या अंड्याचा वास काढण्यासाठी वाटेत लोखंडाच्या गंजक्या किसाची एक डबी बसवावी, कीस काळा पडला की बदलावा.

जी गोष्ट कोणत्याच पत्रकात ठळक छापलेली नसते ती ही की, रोज साठ लिटर आत गेले तर जवळजवळ साठ लिटरच बाहेर येतात. कचरा नाहीसा होत नाही. त्यातला गॅस तेवढा निघून जातो. आम्ही बाहेर आलेल्या मळीपैकी पंधरा लिटर दुसऱ्या दिवशीचा लगदा कालवण्यास परत घेतो, त्यामुळे उन्हाळ्यात ताजे पाणी निम्मे लागते. उरलेली तिप्पट पाण्यात पातळ करून बागेला. सगळी मळी परत घ्यावी असा मोह होतो, परंतु डाळी-मांसातला अमोनिया मग टाकीतच फिरत राहतो आणि जिवाणूंना बाधतो. ज्या संस्थेला बाग नाही, तिने मळीची तजवीज केल्याशिवाय टाकीची मागणी करू नये.

आता आमच्या फजितीकडे येतो. दुसऱ्या वर्षी मृग बहाराची संत्री बाजारात उतरली होती. कोपऱ्यावरच्या रसवाल्याने मोठ्या मनाने आमच्या कामगाराला दोन पोती साली देऊ केल्या आणि त्यानेही, फुकटचे खाद्य मिळाले या आनंदात, तीन दिवस रोज बारा किलो साली बारीक करून टाकीत सोडल्या. वही आजही पाहता येते. पहिले दोन दिवस नोंद नेहमीचीच, शेगडी सव्वातीन तास. तिसऱ्या दिवशी घुमटी नेहमीपेक्षा उंच, आणि कामगाराच्या अक्षरात ‘गॅस जास्त’ असा आनंदाचा शेरा. पाचव्या दिवशी घुमटी तशीच उंच, पण ज्योत शेगडीवर टिकेना. सहाव्या दिवशी काडी धरली तर काडीच विझली. बाहेर येणाऱ्या मळीचा वास, जो एरवी ओल्या मातीसारखा असतो, तो आंबलेल्या ताकासारखा झाला होता. सामू पाहण्याची पट्टी बुडवली तर सहाच्या जरा वर. निरोगी टाकीचा सामू सातच्या आसपास असतो. सालीतील तेल, ज्याचा आपण नागपूरकर अभिमान बाळगतो तो सुगंध, मिथेन करणाऱ्या मंद जिवाणूंना विषासारखा बाधतो. ते थबकले, आम्ल करणारे थांबले नाहीत, आणि घुमटी जी फुगली ती न जळणाऱ्या कर्बवायूने. गॅस वाढला हे आजाराचे पहिले लक्षण होते, आणि आम्ही त्यावर आनंदाचा शेरा मारला होता.

उपाय सोपा, फक्त धीराचा. नऊ दिवस एक घासही दिला नाही. चुन्याची निवळी थोडी थोडी ढवळत सोडली, एकदम ओतली नाही; गोरक्षणातून चार घमेली शेण आणले. दहाव्या दिवशी निळी ज्योत धरली, तेव्हा पुन्हा पाच किलोंपासून आरंभ. काकूंनी तीन आठवडे सिलिंडर वापरले आणि संस्थेने त्याचे पैसे भरले. तेव्हापासून टाकीच्या तोंडाशी साल, हाड, करवंटी आणि खरकट्या तेलाची तर्री यांच्यासाठी वेगळी बादली आहे, आणि शेगडीच्या तासांची नोंद अर्ध्या तासाने जरी घटली किंवा घुमटी अकारण उंच दिसली तरी त्या दिवशी घास निम्मा. डिसेंबर-जानेवारीत गॅस तिसऱ्या हिश्शाने उतरतो तो मात्र आजार नव्हे. नागपूरच्या थंड रात्रींत जिवाणू आळसावतात, तेव्हा वीस किलोंवर यावे आणि लगद्याला कोमट पाणी घ्यावे. मे महिन्यात उलट : टाकी खुशीत असते, पण घुमटीभोवतीचे पाणी उडून जाते आणि गॅस कडेने निसटतो, म्हणून ते रोज भरावे.

या साऱ्यावरून माझी आपल्याकडे तीन बाबतींत विनंती आहे. कोणत्याही संस्थेने संयंत्राचा प्रस्ताव दाखल केला, तर दरपत्रकाआधी चौदा दिवसांच्या तोलाची वही मागावी, आणि प्रस्तावात किलोंबरोबर टाकीचे घनमीटर लिहिण्याची सक्ती असावी. दुसरे, संयंत्र चालू असल्याचा दाखला फीत कापण्याच्या दिवशी न देता सहा महिन्यांनी, म्हणजे त्यात एक थंडी किंवा एक सण येऊन गेल्यावर, रोजच्या वजनाच्या आणि शेगडीच्या तासांच्या नोंदीची रुजुवात करून द्यावा. तिसरे, आणि हे मी सर्वांत निकराने लिहितो : तळाचा गाळ काढण्यासाठी माणसाने टाकीत उतरावे लागेल अशा रचनेला मंजुरी देऊच नये. त्या अंधारातला वायू वासाचीही शुद्ध हिरावून घेतो आणि दुसऱ्याला वर ओढण्यासाठी उतरलेलाही परत येत नाही. तळाशी गाळ सोडण्याची झडप हवी, आणि ती कोठे आहे हे तपासनिसाने बोट ठेवून पाहावे.

ज्यांचा निवडलेला कचरा वीस किलोंच्या आत भरतो त्या लहान संस्थांनी या खटाटोपात पडू नये, कंपोस्टचे हौद करावेत, असेही माझे मत आहे. परंतु रामदासपेठेत अशा दोन-तीन संस्था भिंतीला भिंत लावून उभ्या आहेत, आणि त्यांनी मिळून एक टाकी व एक माणूस ठेवला तर आपल्या दप्तराने त्यांना एकच प्रस्ताव मानावा.

आमची वही पहारेकऱ्याच्या मेजाच्या खणात असते. आपल्या तपासनिसांना पाठवायचे असेल तर सकाळी साडेसहाला पाठवावे. त्या वेळी शेगडी पेटलेली असते, तोटीतले पाणी काढून झालेले असते, आणि काकू पहिला चहा त्याच जाळावर करतात.

कळावे,

आपला,
रामदासपेठेतील एका गृहनिर्माण संस्थेचा माजी चिटणीस